काढलं म्हणजे काय केलं?

जून महिना होता. आमच्या शेजारच्या वहिनी तालुक्याच्या गावी, शहापूरला, दाखले-अर्जांच्या एका केंद्रात गेल्या. नंबर लागल्यावर त्यांनी रेशनकार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "दादा, पोरीचं काढायचं हाय." खिडकीतल्या माणसाने कार्ड पाहिलं, मुलीच्या नावावर बोट ठेवलं, "हिचंच ना?" विचारलं. वहिनी "हो" म्हणाल्या. त्याने एक फॉर्म भरून दिला, वहिनींनी सही केली आणि त्या समाधानाने घरी आल्या. त्यांना मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी जातीचं सर्टिफिकेट काढायचं होतं. भरला गेला होता तो रेशनकार्डातून मुलीचं नाव कमी करण्याचा अर्ज.

हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण दोघांतलं कोणीच चुकीचं मराठी बोललेलं नव्हतं. लग्नसराई नुकतीच सरली होती. ज्यांच्या मुलींची लग्नं झाली ते आईबाप त्या दिवसांत नाव काढायलाच येतात, म्हणजे तिकडे सासरच्या कार्डात ते चढवता येतं. दहावीचा निकाल लागलेल्या मुलांचे आईबाप दाखले काढायलाही त्याच दिवसांत येतात. दोघांच्या हातात कागद एकच, तो म्हणजे रेशनकार्ड, आणि तोंडात क्रियापदही एकच. एकाला काहीतरी नव्याने हातात हवं असतं. दुसऱ्याला असलेलं नाहीसं करायचं असतं.

मला या प्रसंगात खरी मौज वाटली ती एका अनुस्वाराची. वहिनी "पोरीचं" म्हणाल्या. खिडकीतला माणूस त्या कागदाला दाखला म्हणतो. दाखला पुल्लिंगी. कोणाला तो हवा असता तर त्याच्या हिशेबाने ती बाई "पोरीचा काढायचाय" म्हणाली असती. "पोरीचं" म्हटल्यावर नपुंसकलिंगी असं एकच काही त्याच्या डोळ्यांपुढे आलं, ते म्हणजे नाव. पण वहिनींच्या घरात त्या कागदाला सर्टिफिकेट म्हणतात आणि सर्टिफिकेटही नपुंसकलिंगीच. न उच्चारलेल्या नामाचं लिंग दोघांनी आपापल्या शब्दावरून ताडलं. सरकारी छापील मराठीत मात्र "नाव कमी करणे" असं लिहितात. मी इतकी वर्षं त्या भाषेला हसत आलो. त्या दिवसापासून या एका शब्दप्रयोगाबद्दल हसणं सोडलं आहे.

या संग्रहाच्या पुढच्या पानांत जे शब्द आहेत ते शेणवा आणि आसपासच्या पाड्यांवरून, शहापूर-मुरबाडच्या एसटीतून, बाजारातून आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून तिथल्या मुलांनी आणि मी वेचले आहेत. सगळे शब्द एका जातीचे. ज्या शब्दाचा एक अर्थ त्याच्याच दुसऱ्या अर्थाच्या उलट जातो, असे. इंग्रजीच्या शिक्षकांना ही जात चांगली ठाऊक असते. क्लीव्ह म्हणजे चिरणे आणि क्लीव्ह म्हणजे चिकटून राहणे. सँक्शन म्हणजे मंजुरी आणि सँक्शन म्हणजे निर्बंध. ओव्हरलुक म्हणजे वरून सगळं दिसेल असं असणे आणि ओव्हरलुक म्हणजे नजरेतून निसटणे. या तिघांची कुळं मात्र वेगळी आहेत. क्लीव्ह हे जुन्या इंग्रजीतले दोन निराळे शब्द, झिजत झिजत एका रूपावर आले. सँक्शन एकाच लॅटिन मुळातून आला. कायदा पक्का करणे आणि तो मोडल्यास शिक्षा ठेवणे ही तिथे एकाच कृतीची दोन टोकं होती, आणि पुढे लोकांनी एकेक टोक वेगळं धरलं. ओव्हरलुकमध्ये नजर वस्तूच्या वरून जाते एवढंच सांगितलंय. ती तिथे टेकते की पलीकडे निघून जाते, हे ज्याने त्याने समजायचं.

हे सगळं साहेबाच्या भाषेचं वैशिष्ट्य आहे असं मानणाऱ्यांसाठी एक संस्कृत शब्द सांगून ठेवतो. आरात् म्हणजे जवळ आणि आरात् म्हणजे दूरही. अमरकोशाने दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नोंदवले आहेत, आणि ते करताना त्याला काही अडचण वाटलेली दिसत नाही.

आपला काढणे हा शब्द या तिसऱ्या, ओव्हरलुकच्या कुळातला. त्याच्या मागे प्राकृतातला कड्ढ आहे, अर्थ ओढणे. आत असलेलं ओढून बाहेर आणणे, एवढीच मूळ हालचाल. आता आपण आत उभे असलो तर वस्तू गेली असं दिसतं. बाहेर उभे असलो तर वस्तू आली असं दिसतं. ओढणारा हात दोन्ही वेळेला एकच असतो. आमच्याकडची भातशेती ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. पावसाळ्यात राबातून रोपं काढायची आणि खाचरात लावायची, त्याला आम्ही आवणी म्हणतो. राब रिकामा होतो, खाचर भरतं. मधे तण काढायचं, ते बांधावर फेकायचं. शेवटी भात काढायचं, ते खळ्यावर आणायचं. एकाच शेतातून, त्याच हातांनी, एक काढून फेकलं आणि एक काढून घरी आणलं. या कामात कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण तण कशाला आणि भात कशाला हे सगळ्यांना माहीत असतं.

गोंधळ होतो तो जिथे वस्तू आधीही असू शकते आणि नंतरही, तिथे. रांगोळी, दुकान, नाव, खातं ही अशी नामं. म्हणून मुलांना मी एक खेळ दिला होता. अर्थ सांगायचा नाही, फक्त दोन वाक्यं अशी करायची की एकात वस्तू जन्माला येईल, दुसऱ्यात मरेल, आणि वाक्यात कमीत कमी फरक असेल. सातवीतल्या एका मुलीने पाटीवर लिहिलं, "दारात रांगोळी काढ" आणि "दारातली रांगोळी काढ". मी थक्क झालो. फरक फक्त "ली"चा. "दारात" क्रियापदाला जोडलेलं आहे, काढण्याचं काम कुठे करायचं ते सांगतं. म्हणजे रांगोळी अजून नाही. "दारातली" रांगोळीला जोडलेलं आहे, ती कुठली रांगोळी ते सांगतं. म्हणजे ती आधीच तिथे आहे, आणि आता तिच्याशी काढण्यासारखं एकच काम उरतं, पुसायचं. हाच साचा बाहेर नेऊन बघा. "नाक्यावर दुकान काढलं" म्हणजे पेढे वाटले असणार. "नाक्यावरचं दुकान काढलं" म्हणजे रस्ता रुंद होत असणार.

दुसरी खूण "ऊन" या प्रत्ययाची. यादीतून, शाळेतून, कार्डातून, कामावरून. जिथून निघालं ते ठिकाण वाक्यात आलं की काढणे बहुतेक वेळा घालवण्याकडे झुकतं. मी बहुतेक म्हणतो आहे, कारण "बँकेतून कर्ज काढलं" हे वाक्य त्या नियमाला दाद देत नाही. तिथे बँकेतून काहीतरी गेलं हे खरं, पण बोलणारा आपल्या खिशाजवळ उभा आहे. तिसरी खूण पाठीमागे येणाऱ्या लहान क्रियापदाची. काढून टाकलं, काढून ठेवलं, काढून दिलं, काढून घेतलं. टाकलं आलं की वस्तूचा निकाल लागला. ठेवलं आलं की ती जपली. "आजीची नथ काढून ठेवली" आणि "आजीची नथ काढून टाकली" यांत घरातलं सगळं राजकारण बदलतं. वहिनी खिडकीपाशी "काढून पाहिजे" म्हणाल्या असत्या तरी वाचल्या असत्या. पाहिजे म्हटल्यावर काहीतरी हातात यावंच लागतं.

नाव काढणे या जोडीवर मुलांनी आणलेली वाक्यं पुढे दीड पानभर आहेत, ती सवडीने वाचा. पोराने बापाचं नाव काढलं, म्हणजे गावात मिरवण्याजोगं काही केलं. पोराने कार्डातून बापाचं नाव काढलं, म्हणजे बाप वारला किंवा घर वेगळं झालं. आणि "माझं नाव काढशील तर बघ" यात पहिलंही नाही, दुसरंही नाही, फक्त उच्चार करणं आहे. नाव ठेवणे याची गंमतही तिथेच आहे. बारशाला आत्या नाव ठेवते तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. जेवणाच्या पंगतीत तीच आत्या नावं ठेवते तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही. एकवचन आणि अनेकवचन एवढाच फरक, आणि त्यावर आत्याची अख्खी कीर्ती उभी.

लावणे हा काढण्याचा उलटा शब्द. शेतात तो तसाच वागतो, घरात मात्र स्वतःच्याही उलट जातो. दिवा लाव म्हणजे चालू कर. विहिरीवरची मोटार लाव म्हणजेही चालू कर. दार लाव म्हणजे बंद कर. गाडी लाव म्हणजे थांबवून बाजूला उभी कर. लावणे हा लागणेचा जवळचा नातेवाईक, एक वस्तू दुसरीला भिडवणं ही त्याची मूळ हालचाल. दार चौकटीला भिडलं की ये-जा बंद झाली, ज्योत वातीला भिडली की उजेड सुरू झाला. इथे प्रत्ययाची मदत लागत नाही, समोरची वस्तूच निर्णय देते. म्हणून लावणेवरून भांडण झालेलं मी कधी ऐकलेलं नाही, आणि या शब्दावर जास्त पानं खर्च केलेली नाहीत.

सोडणेवर मात्र खर्च केली आहेत, कारण आमचा तालुका पाणी सोडण्याचा तालुका आहे. 1892 सालचं तानसा धरण आमच्या हद्दीत आहे, भातसा धरणही आहे, आणि दोन्हींचं पाणी मुंबई पिते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना इशारा येतो, पाणी सोडलं. उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लावावे लागतात आणि बायका विचारतात, पाणी कधी सोडणार? दोन्हीकडे पाणी येतंच आहे, एकदा नको इतकं आणि एकदा नाइलाजाने. पण याच शब्दांचा तिसरा उपयोगही आमच्याकडे रोजचा आहे. "त्या जमिनीवर आम्ही पाणी सोडलं." म्हणजे ती गेली, तिचा हक्क सांगणं संपलं.

हा अर्थ आला कुठून? दान देताना हातावर पाणी घेऊन ते खाली सोडायची रीत होती. उदक सोडलं की दिलेली वस्तू आपली राहत नसे. तिथून पाणी सोडणे म्हणजे हक्क सोडणे. शेतकऱ्याच्या तोंडात आता दोन वाक्यं शेजारी आली. "शेतात पाणी सोडलं" म्हणजे पीक वाचवलं. "शेतावर पाणी सोडलं" म्हणजे शेतच गेलं. "त" आणि "वर" यांच्यामध्ये एका कुटुंबाचं पोट आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मुलांनी विचारलं, बाबा, तुम्ही कधी पाणी सोडलंत का? ते म्हणाले, कुठल्या शेतात? मग थोडं थांबून म्हणाले, की कुठल्या शेतावर? त्यांनी व्याकरणाचं पुस्तक पाहिलेलं नाही. प्रत्यय आधी ठरव, मग मी उत्तर देतो, एवढं त्यांना नेमकं कळत होतं. आणि शाळेत आम्ही हेच प्रत्यय तक्ता करून पाठ करून घेतो, सप्तमी त, ई, आ, आणि त्या तक्त्यात "वर"ला जागाही देत नाही, कारण ते शब्दयोगी अव्यय. परीक्षेसाठी ठीक आहे.

वाढवणे हा शब्द या सगळ्यांपासून वेगळा ठेवावा लागला. तो हालचालीमुळे उलटा झालेला नाही, भीतीमुळे झाला आहे. नारळ फोडतात, पण देवापुढे म्हणताना वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. डबीतलं कुंकू संपलं तर जुन्या बायका ते वाढलं म्हणतात. फुटणे आणि संपणे हे शब्द घरात आणले तर ती गोष्टही मागोमाग घरात येईल, ही भीती. निघताना आपण "येतो" म्हणतो तेही त्याच भीतीने. इथे संदर्भ शोधायला प्रत्यय उपयोगाचा नाही. वस्तू मंगल आहे का, एवढं पाहायचं. नारळ वाढवला तर तुकडे झाले, पगार वाढवला तर तुकडे झाले नाहीत. एका मुलाने विचारलं होतं की मग दुकानदाराने दुकान वाढवलं म्हणजे काय? पूर्वी दिवसाचा व्यवहार आटोपून दुकान बंद करण्यालाही तसं म्हणत. आता पाटी लावून शेजारचा गाळा घेतला, असाच अर्थ पहिल्यांदा डोक्यात येतो. म्हणजे भीती ओसरली की शब्द पुन्हा सरळ होतो. या संग्रहातला हा एकच शब्द असा की जो माझ्या डोळ्यांदेखत आपली दुसरी बाजू गमावतो आहे.

आता परवा. हिंदीवाल्यांच्या कल या शब्दाला आपण हसतो, कारण त्यात काल आणि उद्या दोन्ही मावतात. आपण एका दिवसापुरते वेगळे शब्द ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हात टेकले. परवा म्हणजे गेलेला दोन दिवसांपूर्वीचा दिवस आणि परवा म्हणजे येणारा दोन दिवसांनंतरचा. तेरवाचंही तेच. रोजच्या बोलण्यात काही बिघडत नाही, कारण "परवा आलो" आणि "परवा येईन" यात क्रियापद काळ घेऊन येतं. पण क्रियापद गेलं की परवा उघडा पडतो. मी मुख्याध्यापक असताना फळ्यावर लिहिलं होतं, "परवाची पालकसभा व्हरांड्यात." वाक्यात क्रियापद नाही. निम्म्या पालकांनी ते येणाऱ्या सभेचं आमंत्रण समजलं, निम्म्यांनी झालेल्या सभेची हकीकत समजून वाचलं आणि घरी राहिले. त्यात फळा दुसऱ्या दिवशी कोणी पुसला नाही, म्हणजे ज्यांनी आमंत्रण समजलं त्यांच्यातही ज्याने ज्या दिवशी वाचलं त्याचा परवा वेगळा. सभेला अकरा जण आले. त्यानंतर मी तारीख लिहू लागलो. ज्याला हे नको असेल त्याने निदान "होणारी" किंवा "झालेली" एवढा एक शब्द मधे घालावा.

भर्तृहरीने वाक्यपदीयात, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, अनेक अर्थांतून एक अर्थ कशाने ठरतो याची यादी दिली आहे. सोबतचा शब्द, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काळ असं बरंच त्यात आहे. शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण सैंधवाचं. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही, जेवताना मागितलं तर मीठ आणावं, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा. मला ही यादी आवडते, पण ताटावर बसलेल्या माणसाला घोडा कोणीच आणून देणार नाही. शहापूरच्या खिडकीवर प्रसंगही तोच होता, महिनाही तोच, कागदही तोच. तिथे प्रकरण आणि औचित्य दोन्ही अर्थांना सारखीच साक्ष देत होते. तेव्हा वाक्यात नाम असायला हवं होतं, किंवा "कार्डातून" असायला हवं होतं, किंवा "पाहिजे" असायला हवं होतं. संदर्भाने अर्थ ठरतो असं आपण सहज म्हणून जातो. मराठीत तो संदर्भ पुष्कळदा शब्दाच्या शेपटीला बांधलेला असतो, आणि घाईत आपण आधी शेपटीच तोडतो. फॉर्मवरचे रकाने, फळ्यावरच्या सूचना, फोनवरचे दोन शब्दांचे निरोप, सगळीकडे तेच. समोरासमोर बोलताना हे शब्द फारसे फसवत नाहीत. कागदावर फसवतात.

म्हणून या संग्रहात शब्दापुढे अर्थ दिलेले नाहीत. मोल्सवर्थच्या कोशात आणि दाते-कर्व्यांच्या कोशात ते भरपूर आहेत, आमच्यापेक्षा चांगले आहेत. इथे प्रत्येक शब्दापुढे पूर्ण वाक्य आहे, ते कोणी कोणाला म्हटलं ते आहे, आणि ऐकणाऱ्याने त्यावर काय केलं ते आहे. काही ठिकाणी ऐकणाऱ्याने भलतंच केलं, तेही ठेवलं आहे. नावं मात्र सगळी काढली आहेत. हे वाक्य वाचून तुम्ही क्षणभर अडखळला असाल तर सांगतो, काढून टाकली आहेत.

वहिनींच्या मुलीचं नाव कार्डावर परत चढायला अडीच महिने लागले. सर्टिफिकेट त्याआधी मिळालं होतं, प्रवेशही झाला.

शेवटची आठ पानं कोरी ठेवली आहेत. तुमच्या गावात असा शब्द सापडला तर तिथे लिहा. फक्त एक करा, एकटा शब्द लिहू नका. आख्खं वाक्य लिहा, प्रत्ययांसकट, आणि ते बोलणारा तेव्हा कुठे उभा होता तेही लिहा.